साडेसात ते पावणेनऊ : रियाजाच्या वेळेसाठी सोसायटीला एक पत्र

सोसायटीच्या सेक्रेटरीकडे येणारे अर्ज वर्षानुवर्षं तेच असतात. वरच्या बाथरूममधून गळती आहे. माझ्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची स्कूटर उभी असते. भाडेकरू ठेवायचाय, ना हरकत दाखला द्या. गाण्याबद्दलचा कागद फाइलला लागतो तो जवळपास नेहमी तक्रारीचा, ‘तिसऱ्या मजल्यावरून रोज संध्याकाळी मोठमोठ्याने आवाज येतात’ अशा वाक्याने सुरू होणारा. गाणाऱ्याने आपण होऊन लिहिलेलं पत्र क्वचितच सापडेल. खरी गोची तिथेच आहे. पहिला कागद तक्रारीचा आला की गाणारा आपोआप आरोपी होतो आणि पुढे तो जे काही बोलेल ती सारवासारव वाटते. तोच विषय तक्रारीच्या आधी विनंती म्हणून आला, तर त्यावर घासाघीस करता येते, दोन पावलं मागंपुढं होता येतं.

असं एक पत्र मी अगदी जवळून पाहिलं. डोंबिवलीतली पाच मजली इमारत, एका मजल्यावर चार घरं. पत्र लिहिणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या. मुंबईत फोर्टला नोकरी करतात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदच्या परीक्षेची तयारी करतात. सकाळी आठच्या आतली लोकल पकडायची आणि संध्याकाळी सातपर्यंत घरी यायचं, अशा दिनक्रमात रियाजाला उरते ती संध्याकाळच. त्यांना इमारतीत राहून वर्षं झाली होती, पण गाणं पुन्हा सुरू केलं ते आता. कुणी काही बोललं नव्हतं. फक्त जिन्यात भेटल्यावर समोरच्या काकूंनी “काय, परीक्षा कधी आहे म्हणे?” असं विचारलं होतं. सोसायटीत राहणाऱ्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ कळतो.

आधी एक गोष्ट गाणाऱ्यांनी समजून घ्यायला हवी. शेजाऱ्याला मैफल ऐकू येत नाही, रियाज ऐकू येतो. मैफलीत यमन उलगडत जातो. रियाजात ‘नि रे ग म’ हा एकच तुकडा गळ्यात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा घोटला जातो. गाणारा दर वेळी थोडा सुधारत असतो, पण भिंतीपलीकडच्या माणसाला ती सुधारणा कळत नाही. त्याला कळतं एवढंच की आता तोच सूर पुन्हा लागणार आहे आणि पुन्हा तिथंच घसरणार आहे. त्यात तो आवाज कधी सुरू होईल आणि कधी थांबेल हे माहीत नसलं, तर त्रास दुप्पट होतो. आज साडेसातला, उद्या नऊला, परवा नाहीच, रविवारी भर दुपारी. शेजाऱ्यांशी बोलताना या बाईंना हेच कळलं. आवाज मोठा आहे अशी कुणाचीच तक्रार नव्हती. “कधी संपणार ते कळत नाही,” असं तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. त्यामुळे पत्रात मागायची गोष्टही ठरली. गाण्याची परवानगी मागायची नाही, गाण्याची वेळ ठरवून घ्यायची.

“मग हळू आवाजात गा ना,” हा सल्ला प्रत्येक गाणाऱ्याला मिळतो. तो काही अंशी बरोबर आहे. लयीचं गणित, बंदिशीचे शब्द, तिहाया हे गुणगुणत पक्कं करता येतं. पण आकारातल्या ताना आणि तार सप्तकातले सूर दबक्या आवाजात घोटले तर गळ्याला दबक्या आवाजाचीच सवय लागते. श्वास पुरा लागत नाही, सूर चोरटा होतो, आणि परीक्षकासमोर खुला आवाज काढायची वेळ आली की तो फाटतो. म्हणून रियाजाचा काही भाग मोकळ्या आवाजात करावाच लागतो. मात्र तो किती, हे गाणाऱ्याने प्रामाणिकपणे मोजलं पाहिजे. या बाईंनी मोजलं तर सव्वा तासातली चाळीसेक मिनिटं निघाली. उरलेला वेळ सुरुवातीच्या खर्जाचा, ठेहरावाचा, बंदिशीच्या पाठांतराचा.

“पहाटे का करत नाही?” हा दुसरा सल्ला. पूर्वी गवई लोक पहाटे खर्ज लावायचे हे सगळ्यांना माहीत असतं. पण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र धरली आहे ती रात्री १० ते सकाळी ६ अशी. पहाटे पाचचा रियाज म्हणजे कायद्याच्या भाषेत रात्रीचा रियाज. शिवाय इमारत शांत असते तेव्हा तोच आवाज जास्त टोचतो. संध्याकाळी साडेसातला रस्त्यावरच्या रिक्षा, घराघरांतले पंखे, मालिका, कुकरच्या शिट्ट्या यांचा मिळून एक थर असतो. गळ्याचा आवाज त्या थरात बराचसा मुरतो. साडेनऊनंतर तो थर विरळ होतो आणि गाणाऱ्याने आवाज जराही वाढवला नसताना शेजाऱ्याला तो वाढल्यासारखा वाटतो. म्हणून कायद्याची हद्द दहा असली तरी रियाजाची हद्द नऊच्या आत ठेवणं शहाणपणाचं.

कायद्याचं थोडं सांगून टाकतो, कारण पत्र लिहिताना बहुतेकांचा हात पहिल्यांदा तिकडेच वळतो. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियमनाचे नियम २००० सालचे. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही परिसरातल्या आवाजाची मर्यादा त्यात आहे. खासगी जागेतल्या वाद्याचा किंवा ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाचहून जास्त डेसिबलनी वर जाऊ नये, असंही त्यात म्हटलं आहे. नुसत्या गळ्याबद्दल मात्र हे नियम फारसं काही सांगत नाहीत. त्यांचा रोख लाउडस्पीकर आणि वाद्यांवर आहे. दुसऱ्या बाजूला सोसायटीचे उपविधी. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींमध्ये सभासदाने आपल्या सदनिकेत इतरांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही करू नये, अशी स्पष्ट अट असते. त्यात डेसिबलचा आकडा नाही. म्हणजे दहाच्या आत गातोय म्हणून गाणारा सुटला असं होत नाही, आणि मला आवडत नाही म्हणून शेजारी गाणं बंद करू शकतो असंही होत नाही. मधली सगळी जागा समजुतीची. ‘नियमाप्रमाणे मला रात्री दहापर्यंत गाण्याचा अधिकार आहे’ हे वाक्य पत्रात लिहिणाऱ्याने ती जागा स्वतःच्या हाताने बुजवली असं समजावं.

पत्राच्या आधी या बाईंनी एक काम केलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत मोलाचं ठरलं. त्यांनी आपला रियाज मोबाइलवर रेकॉर्ड केला. मग तो घरातल्या स्पीकरवर, आपण गातो तेवढ्याच मोठ्या आवाजात लावून, त्या स्वतः शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसल्या. विचारून, चहाच्या वेळी. आतल्या बेडरूममध्ये रियाज केला तर आवाज हॉलपेक्षा लांब राहील, अशी त्यांची समजूत होती. निघालं उलटं. बेडरूमला लागून बाथरूम, बाथरूमच्या झरोक्यापलीकडे इमारतीचा डक्ट. त्या डक्टमधून आवाज थेट चौथ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये आणि तिथून झोपायच्या खोलीत निघत होता. मधला स्लॅब जाड असूनही काही उपयोग नव्हता, कारण आवाज स्लॅबमधून जातच नव्हता. हॉलमध्ये, रस्त्याच्या बाजूची खिडकी लावून रेकॉर्डिंग वाजवलं, तेव्हा तोच आवाज वर जेमतेम ऐकू आला.

आवाजाचा स्वभाव असा आहे. भरीव विटांच्या गिलावा केलेल्या भिंतीतून गळ्याचा आवाज चांगलाच अडतो. पण त्याच भिंतीत उघडी खिडकी, झरोका किंवा दाराखालची फट असली, तर भिंतीच्या जाडीला अर्थ उरत नाही. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या तरी त्यांच्या रुळांत फट राहते आणि बराचसा आवाज तिथून निसटतो. तिथे दारा-खिडक्यांना लावायची रबराची किंवा फोमची चिकटपट्टी कामाला येते. जाड पडदे, गालिचा किंवा भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, गाणाऱ्याला बरं वाटतं, पण शेजाऱ्याकडे जाणाऱ्या आवाजात फारसा फरक पडत नाही. या ट्रेंवर पैसे आणि रविवार घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरा शोध खालच्या मजल्यावर लागला. तिथे गळ्याचा आवाज जवळजवळ नव्हताच, पण एक बारीक घूं-घूं सतत येत होती. फरशीवर ठेवलेली पेटी आणि भिंतीतल्या फळीवर ठेवलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा, या दोघांची ती करामत. वस्तू भिंतीला किंवा फरशीला टेकून थरथरली की ती थरथर सिमेंटमधूनच पुढे जाते आणि पलीकडची भिंत बोलू लागते. खिडकी लावून तिला अडवता येत नाही. त्यासाठी वस्तूच भिंतीपासून सोडवावी लागते. तानपुऱ्याचा डबा फळीवरून काढून गादीवरच्या उशीवर ठेवला, पेटीखाली जाड रबराचा तुकडा आणि वर चौघडी केलेली गोधडी टाकली. खाली बसलेल्या दहावीतल्या मुलाने फोनवर सांगितलं, “काकू, गेलं.” खर्च रबरापुरता.

मोबाइलवर आवाज मोजणारी ॲप मिळतात. त्यांच्या आकड्यावर विसंबून कुणाशी वाद घालू नये, कारण प्रत्येक फोनचा माइक वेगळा आणि कुणी तो प्रमाणित केलेला नसतो. पण एकाच फोनने, एकाच जागी, खिडकी उघडी आणि बंद असताना मोजलं तर फरक नक्की कळतो. दहा डेसिबलचा फरक पडला तर कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

या सगळ्या खटपटीनंतर जे पत्र तयार झालं ते, नाव-गाव काढून, असं :

प्रति,
मा. सचिव, व्यवस्थापक समिती
(संस्थेचे नाव)

विषय : रोजच्या गायन सरावाची वेळ आपसांत ठरवून मिळण्याबाबत.

महोदय,

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. शास्त्रीय गायनाच्या परीक्षेची तयारी करत असल्याने मला रोज सराव करावा लागतो. नोकरीमुळे तो संध्याकाळीच शक्य आहे. हा सराव म्हणजे गाण्याचा कार्यक्रम नव्हे. तेच तेच स्वर अनेकदा म्हटले जातात, आणि ऐकणाऱ्याला ते कंटाळवाणे होऊ शकते याची मला जाणीव आहे.

सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ७.३० ते ८.४५ आणि रविवारी सकाळी १० ते ११.३० अशी वेळ मिळावी, ही विनंती. शनिवारी सराव करणार नाही. मोकळ्या आवाजातला सराव ७.५० ते ८.३० या वेळातच करेन. ८.४५ नंतर आवाज होणार नाही.

सराव हॉलमध्ये, खिडक्या व दार बंद ठेवून करेन. माइक किंवा स्पीकर वापरणार नाही. सोबत पेटी व तानपुऱ्याचे यंत्र असेल, दोन्ही फरशीला व भिंतीला न टेकवता ठेवले आहेत. तबल्याची साथ फक्त परीक्षेआधीच्या महिन्यात, रविवारी सकाळच्या वेळेतच घेईन आणि त्याची सूचना आठ दिवस आधी फलकावर लावेन. माझ्या घरी गाण्याचा वर्ग चालत नाही व चालवणार नाही.

वर, खाली आणि शेजारी राहणाऱ्या कुटुंबांशी मी बोलले आहे. त्यांनी सांगितलेल्या अडचणी वरील वेळेत धरल्या आहेत. कुणाच्या घरी आजारपण, दुःखद प्रसंग किंवा परीक्षा असल्यास मला फोन करावा. त्या दिवशी सराव बंद ठेवेन किंवा वेळ बदलेन.

ही व्यवस्था प्रथम तीन महिन्यांसाठी असावी आणि त्यानंतर समितीने शेजाऱ्यांना विचारून फेरविचार करावा. पुढील सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, सदनिका क्रमांक, फोन)

पत्र छोटं आहे, पण त्यातली बरीच वाक्यं मागं काहीतरी घडल्यामुळे आली आहेत. ‘रविवारी सकाळी १०’ हे चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाईंमुळे. त्या रात्रपाळी करतात. रविवारी दुपारी त्या झोपतात. मूळ खर्ड्यात रविवारी तीन ते पाच अशी वेळ होती आणि ती जर तशीच गेली असती, तर पहिली तक्रार सगळ्यात समंजस शेजारणीकडून आली असती. ‘७.३० पासून’ हे खालच्या आजींमुळे. त्यांची दिवेलागण, रामरक्षा सव्वासातला संपते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की त्या वेळी वरून काही नको. ‘शनिवारी नाही’ हे कुणी मागितलं नव्हतं. ते बाईंनी स्वतः घातलं. आठवड्यातला एक पूर्ण दिवस मोकळा आहे हे कळलं की बाकीचे दिवस माणसाला मोजके वाटतात, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला.

वर्ग चालवणार नाही हे वाक्य अनावश्यक वाटेल. पण कमिटीच्या डोक्यातली खरी भीती तीच असते. एक बाई गातात याचा त्रास कुणाला फार नसतो; उद्या दहा मुलं चपला काढून जिन्यात उभी राहतील, पालकांच्या गाड्या गेटसमोर लागतील, आणि निवासी सदनिकेत व्यवसाय सुरू झाला म्हणून वेगळाच वाद निघेल, ही धास्ती असते. पत्रात ती न विचारता मिटवली तर सभेतली दहा मिनिटं वाचतात. घरी शिकवणी घेणारं कुणी असेल, तर त्याने मात्र हे पत्र उचलू नये. तो वेगळा अर्ज आहे आणि त्यातले प्रश्नही वेगळे.

भाड्याने राहणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. सोसायटीचा सभासद म्हणजे घरमालक. पत्रव्यवहार त्याच्याशी होतो. भाडेकरूने असं पत्र द्यायचं तर मालकाची सही घ्यावी किंवा निदान त्याला कळवून त्याचा तसा उल्लेख करावा. नाहीतर सेक्रेटरी मालकाला फोन करतात, मालकाला वाटतं तक्रार आली, आणि अकरा महिन्यांचा करार संपताना त्याची आठवण निघते.

पत्र द्यायचं तेही हातात, दोन प्रती घेऊन. एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचं नाही. ग्रुपवर विषय पडला की पहिल्या पाच मिनिटांत तीन अंगठे, मग एक विनोद, मग ‘आमच्याकडे रोज रात्री अकराला फर्निचर ओढतात त्याचं काय’, आणि त्यानंतर मूळ विषय कुणालाच आठवत नाही. उपविधींप्रमाणे व्यवस्थापक समितीची सभा महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी, म्हणजे फार वाट बघावी लागत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय नेण्याचा मोह टाळावा. तिथे सिंकिंग फंड, रंगकाम आणि पुनर्विकास यांच्यात सव्वा तासाच्या रियाजाचा चुराडा होतो. शिवाय ज्यांच्या घरापर्यंत आवाज पोचतच नाही अशा विंगमधली माणसं मत द्यायला पुढे असतात.

या पत्रावरची सभा फार रंगली नाही. एका सदस्यांनी विचारलं की एकीला वेळ दिली तर उद्या दुसरा ड्रम घेऊन येईल, त्याला काय सांगायचं? प्रश्न बरोबर होता. चेअरमननी उत्तर दिलं, “त्यालाही सांगू, असंच पत्र घेऊन ये, वरच्या-खालच्यांना विचारून ये.” ड्रमचा धक्का फरशीतून जातो, तिथे गोधडीने भागणार नाही आणि वरच्या-खालच्यांचं उत्तर बहुधा नकारार्थी येईल, हे सगळ्यांना कळत होतं. दुसऱ्यांनी म्हटलं की दहावी-बारावीच्या दिवसांत काय? त्यावर फेब्रुवारी आणि मार्चमध्ये सराव आठ वाजता संपेल अशी भर पडली. बाईंना ती थोडी जड गेली, पण मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मेच्या सत्रात असल्याने शेवटचे आठवडे तरी हाती राहत होते.

इतिवृत्तात नोंद कशी झाली तेही महत्त्वाचं. पहिल्या खर्ड्यात सेक्रेटरींनी ‘परवानगी देण्यात आली’ असं लिहिलं होतं. तसं लिहिलं की पुढच्या कमिटीला वाटतं, आपण दिली ती आपण काढून घेऊ. शेजाऱ्यांना वाटतं, आता कमिटीच तिच्या बाजूने आहे, आपलं कोण ऐकणार. शेवटी मजकूर असा ठरला की ‘सदर सभासद व लगतच्या सदनिकाधारकांत ठरलेल्या वेळेची समितीने नोंद घेतली, तीन महिन्यांनी आढावा घेण्यात येईल, उपविधींतील तरतुदी कायम राहतील.’ कोरडं वाक्य आहे, पण त्यात वेळ शेजाऱ्यांनी ठरवली आहे, कमिटीने फक्त लिहून ठेवली आहे. मोडली तर जाब आधी शेजारी विचारतील, आणि ते योग्यच आहे. वेळेचा एक कागद लिफ्टशेजारच्या फलकावर लागला. कारण आढाव्याच्या वेळी ‘आम्हाला सांगितलंच नाही’ हे ऐकायची कुणाचीच इच्छा नव्हती.

अशी व्यवस्था बिघडते ती बहुधा मोठ्या कारणाने नाही. ती बिघडते पाच-पाच मिनिटांनी. तान बसत आलेली असते, घड्याळात ८.४५ झालेले असतात आणि गाणारा म्हणतो, एकदाच. आठवडाभरात ते नऊ होतात. शेजारी बोलत नाही, फक्त घड्याळ बघायला लागतो. गाणाऱ्याने हे ओळखायची खूण अशी की लोक जिन्यात गाण्याबद्दल काहीच बोलेनासे होतात. या बाईंनी मोबाइलवर ८.४० चा गजर लावला आणि तो वाजला की तानपुरा बंद करायचा, सूर कुठेही असो, असं ठरवलं. एकदा लोकल रखडली आणि त्या आठला घरी पोचल्या. त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटंच गायल्या, वेळ पुढे सरकवली नाही. हे पाहून समोरच्या काकूंचा सूर बदलला, असं मला स्वतः काकूंनीच सांगितलं. “वेळ गेली तर स्वतःची गेली म्हणाली, आमच्या जेवणात नाही घुसली,” हे त्यांचे शब्द.

पाहुणे आले, गुरू घरी आले, गणपतीत घरगुती भजन ठरलं, हे प्रसंग वेळापत्रकाबाहेरचे. त्यांना रियाजात मोजू नये. आदल्या दिवशी दोन-तीन घरी सांगून, दहाच्या आत संपवून मोकळं व्हावं. गणपतीत इमारत तसंही जास्त सोसते.

तीन महिन्यांनी आढावा झाला तेव्हा बदल एकच निघाला. नर्सबाईंची पाळी बदलली होती, त्यांना आता रविवारी सकाळी नको होतं, शनिवारी चालत होतं. पत्रातला शनिवार-रविवार उलटा केला, फलकावर नवा कागद लागला, फाइलला जुना. तुम्हाला असं पत्र लिहायचं असेल तर ही व्यवस्था वर्षातून एकदोनदा बदलावी लागणार हे धरूनच लिहा, वेळ सव्वा तासाहून जास्त मागू नका, आणि लिहायला बसण्याआधी आपल्याच आवाजाचं रेकॉर्डिंग वरच्या घरी बसून एकदा ऐका.